चौकट हरवली तरी अर्थ राहावा : साध्या मजकुरातील अवतरण आणि इशारा

साधा मजकूर म्हणजे केवळ अक्षरे, अंक, विरामचिन्हे, मोकळी जागा आणि ओळ तोडण्याची खूण यांनी बनलेला मजकूर. त्यात ठळक अक्षर नसते, रंग नसतो, समास कमी-जास्त करण्याची सोय नसते आणि मजकुराभोवती चौकट काढता येत नाही. एसएमएस हा असा साधा मजकूर आहे. मोबाइलच्या पडद्यावर वरच्या बाजूला क्षणभर दिसणारी संदेशाची पट्टी, एका ॲपमधून उचलून दुसऱ्यात चिकटवलेला परिच्छेद आणि स्क्रीन रीडरने वाचून दाखवलेले पत्र हेही जवळजवळ साध्या मजकुरासारखेच असते. लिहिणाऱ्याने पडद्यावर कितीही नेटकी मांडणी केलेली असली, तरी वाचणाऱ्याच्या हाती अनेकदा एवढेच उरते.

मांडणी गळून पडल्याने सर्वाधिक नुकसान होते ते दोन गोष्टींचे: अवतरणाचे आणि इशाऱ्याचे. दुसऱ्याचा मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कळले नाही, तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी जाते. इशारा बाकीच्या मजकुरात मिसळला, तर तो वाचलाच जात नाही. छापील पुस्तकात अवतरणासाठी दोन्ही बाजूंना जास्त समास सोडतात आणि इशाऱ्यासाठी चौकट किंवा ठळक टाइप वापरतात. पडद्यावरही तसे करता येते, पण ते समोरच्या यंत्रावर तसेच उमटेल याची खात्री नसते. अशा वेळी लेखकाच्या हाती दोन साधने राहतात: शब्द आणि मोकळी जागा.

चिन्हे का दगा देतात

अवतरणासाठी ओळीच्या सुरुवातीला > हे चिन्ह टाकण्याची पद्धत ई-मेलमध्ये रुजली. उत्तर देताना मूळ पत्राच्या प्रत्येक ओळीपुढे हे चिन्ह लागे आणि त्याखाली उत्तर लिहिले जाई. तेव्हा ओळी साधारण ७०-७५ अक्षरांवर तोडलेल्या असत, त्यामुळे अवतरणाच्या प्रत्येक ओळीपुढे चिन्ह दिसे आणि कोणाचे काय हे एका नजरेत कळे. २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी मार्कडाउन ही लेखनपद्धती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी हीच खूण उचलली. मार्कडाउन समजणारा प्रोग्राम या चिन्हाच्या जागी समास सोडून अवतरण दाखवतो. व्हॉट्सॲपनेही २०२४ पासून ओळीच्या आरंभी > आणि मोकळी जागा टाकल्यास अवतरण वेगळे दाखवण्याची सोय दिली.

अडचण येते ती हे चिन्ह न समजणाऱ्या ठिकाणी. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ओळ कुठेही मोडते आणि परिच्छेद पाच-सहा ओळींचा होतो. चिन्ह मात्र पहिल्याच ओळीपुढे राहते. उरलेल्या ओळी लेखकाच्या स्वतःच्या मजकुरासारख्याच डावीकडून सुरू होतात. या चिन्हाचा संकेत माहीत नसलेल्या वाचकाला तर ते गणितातले ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह वाटते, आणि अनेक स्क्रीन रीडर ते तसेच उच्चारतात.

हे चिन्ह समजणाऱ्या प्रोग्रामांतही एकवाक्यता नाही. मार्कडाउनच्या नियमाप्रमाणे अवतरणाच्या ओळीनंतर रिकामी ओळ न सोडता पुढचा मजकूर लिहिला, तर तोही अवतरणातच धरला जातो. इतर काही ठिकाणी मात्र चिन्ह असलेली ओळ संपली की अवतरण संपते. एकच मजकूर एका पडद्यावर एकाचे बोलणे ठरतो आणि दुसऱ्या पडद्यावर दुसऱ्याचे.

ओळीच्या आधी चार-पाच मोकळ्या जागा सोडून समास दाखवण्याचा उपाय आणखी कच्चा आहे. ओळ पडद्यावर आपोआप मोडली, की पुढच्या ओळी समास सोडत नाहीत. वेबपानांच्या भाषेत, म्हणजे एचटीएमएलमध्ये, लागोपाठच्या अनेक मोकळ्या जागा मिळून एकच जागा धरली जाते आणि परिच्छेदाच्या सुरुवातीच्या जागा तर नाहीशाच होतात. मार्कडाउनमध्ये चार जागा सोडून सुरू केलेला परिच्छेद संगणकाची आज्ञावली समजला जातो आणि वेगळ्याच टाइपात उमटतो.

ठळकपणासाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारांकित खूण टाकणे, ओळ उठून दिसावी म्हणून बरोबरीच्या चिन्हांची रांग काढणे, धोक्याचा पिवळा त्रिकोण लावणे या युक्त्यांचीही गत अशीच. तारांकित खूण काही ठिकाणी ठळकपणा देते, काही ठिकाणी तशीच उघडी राहते. चिन्हांची रांग अरुंद पडद्यावर दीड ओळीची होते आणि ऐकणाऱ्याला ती निरर्थक आवाज म्हणून ऐकू येऊ शकते. चित्रचिन्ह जुन्या फोनवर रिकाम्या चौकोनाच्या रूपात उमटते. या खुणा वापरायच्या असतील तर वापराव्यात, पण अर्थाचा भार त्यांच्यावर टाकू नये. त्या पुसल्या तरी मजकुराचा अर्थ तोच राहिला पाहिजे.

काय टिकते

मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना काय टिकते याचा क्रम बऱ्यापैकी ठरलेला आहे. सर्वांत टिकाऊ म्हणजे शब्द. मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, हाताने उतरवून घेतला किंवा फोनवर सांगितला, तरी ते पोहोचतात. त्याखालोखाल पूर्णविराम, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हे टिकतात. ती दिसतात, मात्र ऐकताना अवतरणचिन्ह बहुधा कळत नाही, कारण अनेक स्क्रीन रीडर नेहमीच्या मांडणीत त्याचा उच्चार करत नाहीत. त्यानंतर येते दोन परिच्छेदांमधली पूर्ण रिकामी ओळ. ती जवळजवळ सर्वत्र टिकते. नुसती तोडलेली ओळ त्याहून कमी भरवशाची, कारण मार्कडाउन आणि एचटीएमएल दोन्ही तिला साधी मोकळी जागा समजतात. ओळीच्या आरंभीचा समास आणि मांडणीच्या खुणा सर्वांत शेवटी.

या क्रमातूनच नियम निघतो. अर्थ शब्दांनी सांगावा, विरामचिन्हांनी पक्का करावा आणि रिकाम्या ओळीने डोळ्यांना सोपा करावा. त्यापुढची सजावट असली तर चांगलीच, नसली तरी काही अडत नाही.

अवतरणाला दोन टोके

शब्दांनी अवतरण दाखवण्याची रीत नवी नाही. गीतेत कोण बोलत आहे हे ‘अर्जुन उवाच’, ‘श्रीभगवानुवाच’ अशा शब्दांनी आधी सांगितले जाते. संस्कृतात बोललेले वाक्य जिथे संपते तिथे ‘इति’ येते. अभंगातली ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा रचना कोणाची हे रचनेच्या आतच सांगते, त्यामुळे अभंग कोणीही, कुठेही म्हटला तरी कर्त्याचे नाव त्याच्याबरोबर जाते. मोडी लिपीतल्या पत्रांत विरामचिन्हे जवळजवळ नसत आणि शब्दही सलग लिहिले जात, त्यामुळे कोणाचे म्हणणे कुठवर हे वाक्यरचनेतूनच कळावे लागे. इंग्रजी वळणाची विरामचिन्हे मराठीत आली ती छापखान्याबरोबर. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० ची आहे. पुढे तारेच्या काळात इंग्रजी मजकुरात अवतरणचिन्हांऐवजी ‘कोट’ आणि ‘अनकोट’ हे शब्दच लिहिले जात. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण भाषणात दोन बाजूंनी शब्द लावून अवतरण दाखवण्याची ती सवय अजून ऐकू येते.

या सगळ्या पद्धतींत अवतरणाला आरंभाचा किंवा शेवटाचा, आणि शक्य तिथे दोन्ही टोकांचा शब्द दिलेला दिसतो. साध्या मजकुरात दोन्ही टोके आवश्यक आहेत. मराठीच्या वाक्यरचनेमुळे त्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. ‘असे अध्यक्ष म्हणाले’ ही मराठीची स्वाभाविक रचना आहे. त्यात बोलणाऱ्याचे नाव शेवटी येते. अवतरण एका वाक्याचे असेल तर काही बिघडत नाही. ते सहा वाक्यांचे असेल, तर वाचक सहाही वाक्ये लेखकाची समजून वाचतो आणि शेवटी त्याला सगळे मनात उलटवून घ्यावे लागते. उलट ‘अध्यक्ष म्हणाले की’ अशी सुरुवात केली, तर आरंभ कळतो, पण शेवट कळत नाही. सहाव्या वाक्यानंतरचे सातवे वाक्य अध्यक्षांचे की लेखकाचे, हे सांगायला काहीच नसते.

म्हणून लांब अवतरणासाठी तीन गोष्टी कराव्या लागतात. आधी एक वाक्य: कोणाचा मजकूर, कुठून घेतलेला, कधीचा. मग अवतरणचिन्हांत मूळ मजकूर, वर आणि खाली एकेक रिकामी ओळ सोडून. शेवटी पुन्हा एक छोटे वाक्य, जे अवतरण संपल्याचे सांगते आणि लेखकाचे बोलणे पुन्हा सुरू करते. ‘पत्रातील मजकूर येथे संपला’ एवढे पुरते. हे शेवटचे वाक्य पडद्यावर पाहताना अनावश्यक वाटते. ऐकणाऱ्याला मात्र तोच एक आधार असतो.

अवतरण एकापेक्षा अधिक परिच्छेदांचे असेल, तर मुद्रणातला जुना संकेत उपयोगी पडतो: प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला उघडणारे चिन्ह द्यायचे आणि मिटणारे चिन्ह फक्त शेवटच्या परिच्छेदाला. त्यामुळे मधला परिच्छेद एकटा वाचला तरी तो अवतरणाचा भाग आहे हे दिसते. अवतरणाच्या आत कोणाचे बोलणे आले तर त्याला एकेरी चिन्ह द्यावे. मधला मजकूर गाळला तर तीन टिंबे द्यावीत आणि स्वतःचा खुलासा घातला तर तो चौकोनी कंसात ठेवावा.

सर्वांत जास्त घोटाळा करतात ती सर्वनामे. ‘आम्ही’, ‘मी’, ‘उद्या’, ‘येथे’ या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्यावर, बोलण्याच्या वेळेवर आणि जागेवर अवलंबून असतो. अवतरणाची चौकट गळून पडली की हे शब्द मजकूर पाठवणाऱ्याला चिकटतात. अवतरणात असे शब्द असतील आणि नेमके शब्द जपण्याची गरज नसेल, तर अवतरण न देता आशय आपल्या शब्दांत सांगणे अधिक सुरक्षित. ‘आम्ही जबाबदार नाही’ असे उद्धृत करण्यापेक्षा ‘कंत्राटदाराने जबाबदारी नाकारली आहे’ हे वाक्य कुठेही गेले तरी अर्थ बदलत नाही. नेमके शब्द महत्त्वाचे असतील, जसे करारात, साक्षीत किंवा आदेशात, तेव्हा अवतरणच द्यावे, पण दोन्ही टोके बांधून.

इशाऱ्याला तोंड आणि मुदत

इंग्रजीत साध्या मजकुरातला इशारा मोठ्या लिपीतल्या अक्षरांनी उठून दिसतो. देवनागरीत लहान-मोठी लिपी असा भेदच नाही. त्यामुळे मराठी इशाऱ्याचे वजन पूर्णपणे शब्दांच्या निवडीवर आणि त्यांच्या क्रमावर पडते.

पहिला शब्द इशाऱ्याची पातळी सांगणारा असावा. अमेरिकेतल्या एएनएसआय झेड५३५ या सुरक्षाविषयक मानकांत अशा आरंभशब्दांच्या चार पातळ्या ठरवल्या आहेत. सर्वांत वरची पातळी टाळले नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच अशा धोक्यासाठी, दुसरी तसे होऊ शकते अशा धोक्यासाठी, तिसरी किरकोळ किंवा मध्यम इजेसाठी आणि चौथी इजेशी संबंध नसलेल्या, उदाहरणार्थ वस्तूच्या नुकसानीच्या, बाबींसाठी. मराठीत रोजच्या कामासाठी ‘धोका’, ‘इशारा’ आणि ‘सूचना’ असे तीन शब्द उतरत्या क्रमाने वापरले तरी भागते. अट एवढीच, की एका संस्थेने हे शब्द एकदा ठरवले की त्यांचा अर्थ बदलू नये. सभेची वेळ बदलल्याची बातमीही ‘इशारा’ म्हणून पाठवली, तर काही दिवसांत त्या शब्दाकडे कोणी पाहत नाही.

रंगावर विसंबणाऱ्या इशाऱ्यांनाही हेच लागू होते. भारतीय हवामानशास्त्र विभाग इशाऱ्यांसाठी हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग वापरतो. हिरव्याचा अर्थ इशारा नाही, पिवळ्याचा लक्ष ठेवा, नारिंगीचा सज्ज राहा आणि लालचा कृती करा. नकाशावर रंग पुरतो. मजकुरात मात्र ‘नारिंगी इशारा’ असे रंगाचे नाव लिहावे लागते, आणि त्याच वाक्यात त्याचा अर्थही द्यावा लागतो, कारण रंगांचा क्रम सर्वांना पाठ नसतो.

आरंभशब्दानंतर चार गोष्टी येतात: काय करू नये किंवा करावे, धोका कशाचा, दुर्लक्ष केल्यास काय होईल आणि हे कधीपर्यंत लागू आहे. यांत कृती सर्वांत आधी ठेवण्याला मराठीत विशेष कारण आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘टाकीची साफसफाई चालू असल्यामुळे आणि तिच्यात क्लोरीनचे द्रावण असल्यामुळे नळाचे पाणी पिण्यासाठी वापरू नका’ या वाक्यात जीव वाचवणारा शब्द अगदी अखेरीस आहे. फोनच्या पट्टीवर संदेशाचे पहिले काही शब्दच दिसतात. हे वाक्य तिथे तुटले, तर ‘टाकीची साफसफाई चालू असल्यामुळे’ एवढेच उरते आणि नकार पोहोचतच नाही. ‘नळाचे पाणी पिऊ नका’ हे चार शब्दांचे वाक्य आधी ठेवले आणि कारण पुढच्या वाक्यात दिले, तर मजकूर कुठेही तुटला तरी नकार शाबूत राहतो. इशाऱ्यातली वाक्ये आखूड असावीत ती या कारणासाठी.

इशाऱ्याची जागाही ठरलेली आहे. ज्या कृतीबद्दल तो आहे, तिच्या आधी तो आला पाहिजे. वाचक सूचना वाचत वाचतच काम करत असतो. ‘झाकण उघडा’ या वाक्यानंतर ‘उघडण्यापूर्वी वीज बंद करा’ असे लिहिले, तर दुसरे वाक्य वाचले जाईपर्यंत झाकण उघडलेले असते.

मुदतीत वाराबरोबर तारीखही हवी. मजकूर पुढे पुढे पाठवला जातो आणि आठवड्याने पोहोचलेला ‘रविवारी’ हा शब्द पुढच्या रविवारचा ठरतो. जुना इशारा उदाहरण म्हणून द्यायचा असेल किंवा यंत्रणेची चाचणी म्हणून संदेश पाठवायचा असेल, तर ‘हा इशारा आता लागू नाही’ किंवा ‘ही चाचणी आहे’ हे शब्द सर्वांत आधी लिहावेत. शेवटी लिहिले तर ते पोहोचतीलच असे नाही.

एक बारीक चूक मराठी टंकलेखनात फार आढळते. ‘इशारा’ किंवा ‘सूचना’ या शब्दानंतर अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टाकला जातो, कारण दोन्ही सारखेच दिसतात. संगणकासाठी ती दोन वेगळी चिन्हे आहेत. विसर्ग हा आधीच्या अक्षराचा भाग ठरतो, त्यामुळे स्क्रीन रीडर शब्दाच्या शेवटी ‘ह’सारखा उच्चार करू शकतो आणि शोध घेताना शब्द जुळत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: त्या दोन टिंबांच्या आधी मोकळी जागा टाकून पाहावी. अपूर्णविराम तसाच राहतो, विसर्ग असेल तर बहुधा त्याच्याबरोबर टिंबांचे एक वर्तुळ उमटते.

एक उदाहरण

एका गृहनिर्माण संस्थेत पाण्याची टाकी साफ करायची आहे. कंत्राटदाराने पत्र दिले आहे आणि सचिव ते सभासदांना कळवत आहेत. त्यांनी संदेशात कंत्राटदाराचा मजकूर > चिन्हाने वेगळा दाखवला आणि शेवटी स्वतःची दोन वाक्ये जोडली. चिन्ह न समजणाऱ्या अरुंद पडद्यावर तो असा दिसतो:

```
> टाकी धुतल्यावर ती
क्लोरीनच्या द्रावणाने भरून
ठेवू. गच्चीवरील जुने पाइप
गळल्यास आम्ही जबाबदार नाही.
पाइपांची तपासणी शनिवारी होईल.
रविवारी नळाचे पाणी पिऊ नये.
```

‘आम्ही जबाबदार नाही’ हे वाक्य आता सोसायटीचे वाटते. शनिवारची तपासणी कंत्राटदार करणार की सोसायटी, हे कळत नाही. मार्कडाउन समजणाऱ्या पडद्यावर तर मधे रिकामी ओळ नसल्यामुळे सचिवांची दोन्ही वाक्ये अवतरणाच्या चौकटीत जातील आणि कंत्राटदाराचीच ठरतील. पाणी न पिण्याची सर्वांत महत्त्वाची सूचना तळाशी आहे, ती का पाळायची हे सांगितलेले नाही आणि ती केव्हा संपते हेही नाही.

तोच मजकूर शब्द आणि रिकाम्या ओळी यांच्या आधारे असा लिहिता येतो:

```
इशारा: नळाचे पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका. टाकीत क्लोरीनचे द्रावण असेल. ते पोटात गेल्यास घशात जळजळ आणि उलट्या होऊ शकतात. पिण्याचे पाणी शनिवारी रात्रीच भरून ठेवा. हा इशारा रविवार १५ मार्च, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळेसाठी आहे.

टाकी साफ करणाऱ्या कंत्राटदाराने सोसायटीला दिलेल्या पत्रातील मजकूर असा आहे:

“टाकी धुतल्यावर ती क्लोरीनच्या द्रावणाने भरून ठेवू. गच्चीवरील जुने पाइप गळल्यास आम्ही जबाबदार नाही.”

कंत्राटदाराच्या पत्रातील मजकूर येथे संपला. पाइपांची तपासणी सोसायटी शनिवारी १४ मार्चला करणार आहे.
```

इशारा सर्वांत वर गेला आणि त्याचा नकार पहिल्या पाच शब्दांत आला. अवतरणाच्या आधी आणि नंतर कंत्राटदाराचे नाव नसले तरी त्याची ओळख आहे, त्यामुळे ‘आम्ही’ कोण याबद्दल शंका राहत नाही. शेवटच्या वाक्यात ‘तपासणी होईल’च्या जागी ‘सोसायटी करणार आहे’ असा कर्ता आला. हा मजकूर मूळ संदेशाच्या तिप्पट झाला आहे, आणि तीच या पद्धतीची किंमत आहे.

एसएमएसमध्ये ही किंमत मोजून द्यावी लागते. एका एसएमएसची जागा १४० बाइट असते. इंग्रजीच्या ठरावीक अक्षरसंचात त्यात १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी प्रत्येक खुणेला दोन बाइट लागत असल्यामुळे ७०च बसतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांची मोजणी वेगवेगळी होते. ‘क्लोरीन’ हा शब्द वाचताना तीन अक्षरांचा वाटतो, पण तो सात जागा घेतो. मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे भाग पडतात, भाग जोडण्याच्या माहितीसाठी थोडी जागा जाते आणि प्रत्येक भागात ६७ च उरतात. वरचा संदेश एसएमएसने पाठवायचा तर अवतरण सोडून द्यावे लागेल आणि एवढेच ठेवावे लागेल:

```
इशारा: नळाचे पाणी पिऊ नका. टाकीत क्लोरीन आहे. १५ मार्च सायं ६ पर्यंत.
```

मोकळ्या जागा धरून हा मजकूर ६९ खुणांचा आहे, म्हणजे एकाच एसएमएसमध्ये मावतो. आरंभशब्द, कृती, कारण आणि मुदत या चारही गोष्टी त्यात आहेत. परिणाम गाळला, कारण क्लोरीनचे नाव घेतल्यावर त्याचा अंदाज येतो. कंत्राटदाराचे पत्र स्वतंत्रपणे, जिथे जागेची चणचण नाही अशा मार्गाने पाठवता येते. अपुऱ्या जागेत अर्धे अवतरण देण्यापेक्षा ते अजिबात न देणे बरे, कारण अर्ध्या अवतरणाचे एक टोक नेहमी सुटलेले असते.

तपासणी

मजकूर पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली, तो केवळ साधा मजकूर ठेवणाऱ्या संपादकात चिकटवावा. रंग, ठळकपणा आणि चौकटी तिथे आपोआप गळतात आणि उरलेले दिसते. दुसरी, सगळ्या ओळी जोडून त्याचा एकच सलग परिच्छेद करावा. आता अवतरणाचा आरंभ आणि शेवट बोटाने दाखवता आला पाहिजे आणि इशारा कुठून सुरू होतो हे शब्दावरून कळले पाहिजे. तिसरी, तो दुसऱ्या कोणाला मोठ्याने वाचून दाखवावा, पण अवतरणचिन्हे तोंडाने न सांगता. ऐकणाऱ्याने मध्येच ‘हे कोण म्हणतंय?’ असे विचारले, तर त्या ठिकाणी शब्द कमी पडले आहेत.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. वाचकाने मजकुराचा फक्त मधला परिच्छेद उचलून पुढे पाठवला, तर आधीचे आणि नंतरचे वाक्य मागे राहते. अशा प्रसंगासाठी ओळख त्याच परिच्छेदात, अवतरणाला लागून ठेवावी: ‘कंत्राटदाराने पत्रात लिहिले आहे, “...”, आणि त्याचा मजकूर एवढाच आहे.’ परिच्छेद थोडा दाटतो, पण तुटत नाही. शब्द एकत्र करण्याची ही पद्धत कविता, कोष्टक किंवा संगणकाची आज्ञावली यांना मात्र उपयोगी पडत नाही, कारण त्यांचा अर्थ ओळींच्या आणि मोकळ्या जागांच्या नेमक्या मांडणीतच असतो. ती चित्र म्हणून किंवा स्वतंत्र फाइल म्हणून पाठवावी लागतात आणि सोबतच्या मजकुरात त्या फाइलमध्ये काय आहे हे एका वाक्यात सांगावे लागते.